आरडीडीचं दुसरं वर्ष चुकतंय? आलेला आकडाच सांगतो चूक कुठंय

एफवाय, एसवाय बीकॉमची पोरं आणि पेठेतल्या सीए ऑफिसात नवीन लागलेले आर्टिकल, दोघांचं दुखणं एकच आहे. पहिल्या वर्षाचं गणित बरोबर सुटतं आणि दुसऱ्या वर्षाचं हमखास अडकतं. बुडीत कर्ज, संशयित बुडीत कर्जाची तरतूद म्हणजे आपली आरडीडी, आणि ऋणकोंवरच्या कसरीची तरतूद, ही तीन एका वर्षापुरती सगळ्यांना येतात, पण तीच तरतूद पुढच्या वर्षी ट्रायल बॅलन्समध्ये जमा बाजूला येऊन बसली की तिचं करायचं काय हे कुणी नीट सांगितलेलं नसतं. मग कुणी ती सोडून देतं, कुणी दोनदा धरतं आणि ताळेबंद जुळत नाही म्हणून रात्रभर बेरजा तपासत बसतं. बेरीज बरोबरच असते हो, चूक क्रमात असते.

एकच उदाहरण घेऊ आणि दोन्ही वर्षं त्याच्यावरच करू, वेगवेगळी घेतली तर हा घोळ सुटत नाही. समजा रविवार पेठेत बोहरी आळीत हार्डवेअरचं एक होलसेल दुकान आहे, उधारीवर माल जातो वाघोली, हिंजवडी, कात्रजच्या छोट्या दुकानदारांना आणि कॉन्ट्रॅक्टर लोकांना. आकडे मी मुद्दाम सोपे धरलेत.

पहिलं वर्ष, ३१ मार्च २०२४. ट्रायल बॅलन्समध्ये ऋणको ४,०६,०००, बुडीत कर्ज ८,०००, दिलेली कसर ५,०००. हे पहिलंच वर्ष, म्हणजे जुनी तरतूद काही नाही. खाली अ‍ॅडजस्टमेंट दिलीय की आणखी ६,००० बुडीत लिहा, ५ टक्के आरडीडी ठेवा आणि २ टक्के कसरीची तरतूद करा.

इथं सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करायची. ट्रायल बॅलन्सच्या आत जे ८,००० बुडीत आहेत ते ऋणकोंमधून आधीच वजा झालेले आहेत, वर्षभरात कधीतरी त्याची नोंद झाली म्हणून तर ते वेगळं खातं होऊन तिथं दिसतंय. अ‍ॅडजस्टमेंटमधले ६,००० मात्र अजून कुठंच लिहिलेले नाहीत, त्यामुळे ते ऋणकोंमधून वजा करायचे. ४,०६,००० मधून ६,००० गेले, राहिले ४,००,०००. यावर ५ टक्के म्हणजे २०,००० आरडीडी. आता कसर. ती ४,००,००० वर काढायची नाही, कारण यातले २०,००० बुडतील असं आपण आत्ताच धरलंय, आणि जो पैसेच देणार नाही त्याला लवकर पैसे दिल्याबद्दल सूट कशी द्यायची? म्हणून ३,८०,००० वर २ टक्के, ७,६००.

नफातोट्याला नावे बाजूला बुडीत ८,००० अधिक ६,००० अधिक नवी आरडीडी २०,०००, एकूण ३४,०००. कसरीचे ५,००० अधिक ७,६००, म्हणजे १२,६००. ताळेबंदात ऋणको ४,००,००० वजा २०,००० वजा ७,६००, दिसणार ३,७२,४००. इथपर्यंत बहुतेकांचं बरोबर येतं.

आता दुसऱ्या वर्षात जाताना पहिला खड्डा लागतो. ताळेबंदात ३,७२,४०० दिसले म्हणून पुढच्या वर्षी ऋणकोंची सुरुवातीची शिल्लक ३,७२,४०० धरणारे खूप जण आहेत. नाही, खतावणीत ऋणको ४,००,०००च आहेत. वाघोलीच्या कॉन्ट्रॅक्टरला तुम्ही अजून फोन करून पूर्ण रक्कमच मागणार ना, तुम्ही आपल्या वहीत ५ टक्के धोका धरलाय म्हणून त्याचं देणं कमी होत नाही. तरतूद हे वेगळं खातं आहे, जमा शिल्लक असलेलं, आणि ताळेबंदात ते फक्त ऋणकोंमधून वजा करून दाखवतात. त्यामुळे १ एप्रिलला तीन खाती स्वतंत्रपणे पुढं येतात: ऋणको ४,००,००० नावे, आरडीडी २०,००० जमा, कसरीची तरतूद ७,६०० जमा.

ऋणकोंचं खातं करून बघा म्हणजे खात्री पटेल. सुरुवात ४,००,०००, वर्षभरात उधार विक्री १२,००,०००, पैसे आले १२,८१,०००, कसर दिली ६,०००, बुडीत लिहिले ९,०००. राहतात ३,०४,०००. हाच आकडा ३१ मार्च २०२५ च्या ट्रायल बॅलन्समध्ये येतो. जर तुमचे २,७६,४०० येत असतील तर तुम्ही ३,७२,४०० वरून सुरुवात केलीय, बरोबर २७,६०० चा फरक, म्हणजे दोन्ही तरतुदींची बेरीज. दुसरं काही शोधू नका.

तर दुसऱ्या वर्षाचा ट्रायल बॅलन्स असा: ऋणको ३,०४,०००, बुडीत ९,०००, दिलेली कसर ६,०००, जुनी आरडीडी २०,००० जमा, कसरीची जुनी तरतूद ७,६०० जमा. अ‍ॅडजस्टमेंट: आणखी ४,००० बुडीत, आरडीडी ५ टक्के, कसर २ टक्के.

ऋणको ३,०४,००० वजा ४,०००, म्हणजे ३,००,०००. नवी आरडीडी १५,०००. उरले २,८५,०००, त्यावर २ टक्के ५,७००. इतकं पहिल्या वर्षासारखंच आहे. वेगळं काय, तर नफातोट्याला टाकताना जुनी तरतूद वजा करायची.

बुडीत ९,००० + जादा बुडीत ४,००० + नवी आरडीडी १५,००० − जुनी आरडीडी २०,००० = ८,०००

दिलेली कसर ६,००० + नवी तरतूद ५,७०० − जुनी तरतूद ७,६०० = ४,१००

ताळेबंद: ३,००,००० वजा १५,००० वजा ५,७००, म्हणजे २,७९,३००.

जुनी का वजा करायची, हे पाठ करू नका, समजून घ्या. ते २०,००० मागच्या वर्षीच्या नफ्यातून आधीच कापलेले आहेत. यावर्षी जे १३,००० बुडाले त्यांचा मार त्या जुन्या २०,००० वर पडायचा, त्यासाठीच ते ठेवले होते. १३,००० गेल्यावर ७,००० शिल्लक राहतात आणि वर्षाच्या शेवटी आपल्याला १५,००० हवेत, म्हणजे ८,००० ची भर घालायची. हीच ८,००० ची भर यावर्षीच्या नफ्यातून जाते. खतावणीत करायचं तर नोंदी तीन. आधी ४,००० साठी बुडीत कर्ज खातं नावे, ऋणको जमा. मग आरडीडी नावे १३,०००, बुडीत कर्ज जमा १३,०००, इथं बुडीतचं खातं शून्य होतं. शेवटी नफातोटा नावे ८,०००, आरडीडी जमा ८,०००. आरडीडीच्या खात्यात दोन्ही बाजू २८,००० यायला पाहिजेत, एका बाजूला २०,००० आणि ८,०००, दुसऱ्या बाजूला १३,००० आणि १५,०००.

आता खरं कामाचं. उत्तर चुकलं की पोरं अख्खं गणित पहिल्यापासून करतात आणि तीच चूक परत करतात, कारण हात त्याच वळणानं जातो. त्यापेक्षा आलेला चुकीचा आकडा नीट बघा, तो बोलतो.

८,००० च्या जागी २८,००० आले, तर जुनी आरडीडी वजाच केलेली नाही. ट्रायल बॅलन्सच्या जमा बाजूला ती पडून राहिली आणि ताळेबंद बरोबर २०,००० नं फसला असेल. काही जण मग ती देयतेच्या बाजूला चिकटवून ताळेबंद जुळवून टाकतात, तेव्हा बेरीज जुळते पण नफा २०,००० नं कमी दिसतो, आणि हे जास्त वाईट, कारण जुळलंय म्हटल्यावर कुणी परत बघत नाही.

४,००० आले, तर अ‍ॅडजस्टमेंटमधलं बुडीत बेरजेत घ्यायचं राहिलंय. ऋणकोंमधून वजा केलं, खर्चात घेतलं नाही. अ‍ॅडजस्टमेंटचा परिणाम दोन ठिकाणी असतो हे माहीत सगळ्यांना असतं पण परीक्षेच्या घाईत एकच होतो.

८,२०० आले, तर उलटी चूक, खर्चात घेतलं पण ऋणकोंमधून काढायच्या आधीच ५ टक्के लावले, म्हणजे ३,०४,००० वर १५,२००. आणि ७,५५० आले तर तुम्ही ट्रायल बॅलन्समधले ९,००० सुद्धा ऋणकोंमधून परत वजा केलेत, २,९१,००० वर ५ टक्के काढलेत. ही ९,००० वाली चूक मला सगळ्यात जास्त दिसते आणि ती करणारी पोरं हुशार असतात, त्यांना वाटतं बुडीत म्हणजे ऋणकोंमधून जायलाच पाहिजे. जायला पाहिजे हे खरंच आहे, पण ते आधीच गेलंय.

कसरीत दोन चुका नेहमीच्या. नवी तरतूद ६,००० आली तर आरडीडी वजा न करता सरळ ३,००,००० वर २ टक्के लावलेत. आणि ५,६०० आली तर आरडीडी वजा केलीत पण जुनी केलीत, २०,००० वाली, म्हणून २,८०,००० वर टक्के निघाले. ट्रायल बॅलन्समध्ये २०,००० डोळ्यासमोर असतात आणि १५,००० आपण कुठंतरी बाजूला कच्च्या कामात लिहिलेले असतात, त्यामुळे हात तिकडं जातो. नवी कसर नेहमी नवीन आरडीडी काढून उरलेल्यावर. जुन्या आरडीडीचा नव्या कसरीशी काहीही संबंध नाही.

अजून एक प्रकार आहे जो चूक नाहीये पण लोक घाबरतात. काही क्लासमध्ये बुडीत १३,००० वेगळे नावे बाजूला दाखवतात, आणि आरडीडीचा फक्त फरक, म्हणजे २०,००० चे १५,००० झाले म्हणून ५,००० जमा बाजूला. १३,००० वजा ५,०००, परत ८,०००च. नफा तोच येतो. गडबड तेव्हा होते जेव्हा दोन पद्धती मिसळतात, १३,००० वेगळे पण दाखवले आणि २८,००० च्या बेरजेत पण घेतले. एक पद्धत धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा, बोर्डाच्या पेपरला एकाच ठिकाणी एकत्र मांडलेली जास्त बरी, तपासणाऱ्याला एका नजरेत दिसते.

ताळेबंद जुळला तरी पूर्ण खात्री होत नाही हे वर बघितलंच, त्यामुळे मी दोन वर्षांचा एक ताळा करायला सांगतो. दोन्ही वर्षांत मिळून नफातोट्याला जेवढं नावे टाकलं ते एका बाजूला: ३४,००० अधिक ८,०००, म्हणजे ४२,०००. दुसऱ्या बाजूला दोन वर्षांत खरोखर बुडालेलं, १४,००० अधिक १३,०००, आणि शेवटी शिल्लक राहिलेली आरडीडी १५,०००. बेरीज ४२,०००. कसरीचं तसंच, १२,६०० अधिक ४,१०० म्हणजे १६,७००, आणि दुसरीकडं ५,००० अधिक ६,००० अधिक ५,७००, तेही १६,७००. हे जुळायलाच लागतं, कारण मधली २०,००० ची तरतूद पहिल्या वर्षी आत आली आणि दुसऱ्या वर्षी बाहेर गेली, दोन वर्षं एकत्र धरली की तिचा मागमूस राहत नाही. मात्र या ताळ्याची मर्यादा लक्षात घ्या. टक्का चुकीच्या रकमेवर लावला असेल, समजा १५,२०० काढलेत, तर तो दोन्ही बाजूंना १५,२०० म्हणूनच येणार आणि जुळणार. हा ताळा जुनी तरतूद विसरली किंवा बुडीत दोनदा धरलं वगैरे पकडतो, टक्क्याचा पाया तुम्हालाच बघावा लागतो.

आता उत्तर वजा आलं की काय करायचं. समजा दुसऱ्या वर्षी उधारी छान वसूल झाली, फक्त ३,००० बुडाले, अ‍ॅडजस्टमेंटमध्ये जादा बुडीत काही नाही, आणि वर्षाअखेरचे ऋणको ३,००,०००च आहेत. ३,००० अधिक १५,००० वजा २०,०००, म्हणजे वजा २,०००. पोरं इथं थबकतात आणि मग शून्य लिहून मोकळी होतात, किंवा चिन्हच बदलून नावे बाजूला २,००० टाकतात. काही नाही, मागच्या वर्षी गरजेपेक्षा जास्त बाजूला ठेवलं होतं ते परत आलं, नफातोट्याच्या जमा बाजूला २,००० लिहायचे. ताळा लावा: ३४,००० वजा २,००० म्हणजे ३२,०००, आणि १४,००० अधिक ३,००० अधिक १५,०००, तेही ३२,०००.

उलट बाजूनं, बुडीत जुन्या तरतुदीपेक्षा जास्त झालं तरी सूत्र बदलत नाही. २६,००० बुडाले तर २६,००० अधिक १५,००० वजा २०,०००, सरळ २१,००० नावे. तरतूद संपली मग वरचे ६,००० कुठं टाकायचे असा प्रश्न येतो, ते याच २१,००० मध्ये आलेत.

मागच्या वर्षी बुडीत लिहिलेल्याकडून यावर्षी पैसे आले तर ते यावर्षीच्या बुडीतमधून वजा करू नका आणि त्याच्या ऋणको खात्याला पण जमा करू नका, ते खातं कधीच बंद झालंय. बुडीत कर्ज वसुली म्हणून नफातोट्याच्या जमा बाजूला वेगळं दाखवा. त्या माणसाच्या खात्याला जमा केलं तर ऋणको तेवढ्यानं कमी दिसतात आणि पुढं आरडीडी, कसर दोन्हीचा पाया हलतो.

ऑफिसात काम करणाऱ्यांसाठी एवढं. टॅलीमध्ये आरडीडी आणि कसरीची तरतूद, दोन्हींची लेजर प्रोव्हिजन्स ग्रुपखाली उघडली की ती चालू देयतांमध्ये, म्हणजे करंट लायबिलिटीजमध्ये दिसतात आणि ऋणको पूर्ण ३,००,००० दिसतात. ताळेबंदाची बेरीज कॉलेजच्या उत्तरापेक्षा २०,७०० नं मोठी येईल, दोन्ही बाजूंना सारखीच, म्हणजे नफा चुकलेला नाही, फक्त मांडणी वेगळी आहे. क्लायंटला द्यायच्या ताळेबंदात ऋणकोंमधून वजा करूनच दाखवा.

आणि टॅक्सच्या हिशोबात हे दोन वर्षांचं प्रकरण परत वर येतं. या दोन्ही वर्षांना लागू असलेल्या आयकर कायदा १९६१ च्या कलम ३६(१)(vii) खाली प्रत्यक्ष वहीत बुडीत म्हणून लिहिलेलं कर्जच वजावटीला चालतं, साध्या व्यापाऱ्याची तरतूद चालत नाही. म्हणजे पहिल्या वर्षी नफातोट्याला ३४,००० नावे असले तरी त्यातले २०,००० नफ्यात परत मिळवायचे, मान्य फक्त १४,०००. दुसऱ्या वर्षी मजा उलटी होते, नफातोट्याला दिसतात ८,००० पण खरोखर लिहिलेले आहेत १३,०००, म्हणून आणखी ५,००० ची वजावट घ्यायची असते आणि ही नव्या आर्टिकलकडून सर्रास सुटते, कारण नजर तरतूद परत मिळवण्याकडेच असते. कसरीलाही तसंच, पुस्तकात ४,१०० पण प्रत्यक्ष दिलेली ६,०००. अर्थात क्लायंटनं त्याच कायद्याच्या कलम ४४एडी खाली अंदाजे टक्क्यानं नफा दाखवला असेल तर हा भाग लागू नाही, तिथं असे खर्च वेगळे मागता येत नाहीत.

म्हणूनच मी ऑफिसातल्या पोरांना सांगतो की वरच्या तीन नोंदी एकत्र करून एकच ८,००० ची नोंद टाकू नका. नफा तोच येईल, पण वर्षभरात नक्की किती आणि कुणाचं बुडीत लिहिलं हे वहीत कुठंच दिसणार नाही, आणि विचारणा आली तर त्या १३,००० ची पार्टीवार यादी त्या खात्यातूनच काढून द्यावी लागते.